एच-टू, डी-एक्केचाळीस

मामीच्या बचत गटाला पिशव्या सील करायचं यंत्र बघायचं होतं. गट मंगळवेढ्याकडचा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. भाकरीचं ठीक चाललेलं असतं, पण चटणीच्या पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलं की आठवडाभरात तेल बाहेर येतं आणि दुकानदार माल परत पाठवतो. यंत्र करणाऱ्या माणसाशी मामीचं फोनवर बोलणं झालं होतं. तो म्हणाला, सोलापूरला होम मैदानावर कृषी प्रदर्शन आहे, तिथं आमचं यंत्र चालू ठेवलंय, पिशवी घेऊनच या. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एवढंच आलं:

```
H2-D41
```

मामी एसटीने आल्या आणि मी त्यांना जुळे सोलापुरातून गाडीवर घेऊन निघालो. पिशवीत चटणीची चार पाकिटं आणि रिकाम्या पिशव्यांचा गठ्ठा. मामींना वाटत होतं, आत गेलं की कुणालाही विचारलं तर सांगतील. मी पूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात होतो आणि कारखान्याचा स्टॉल लावायला गावोगावच्या प्रदर्शनांत जायचो. त्या अनुभवावरून एक पक्कं ठाऊक होतं. प्रदर्शनात स्टॉल लावलेल्या माणसाला शेजारच्या रांगेत कोण आहे हेसुद्धा माहीत नसतं. तो सकाळी येतो, स्वतःच्या टेबलामागे उभा राहतो आणि रात्री जातो. म्हणून नंबर दिलाय तर नंबरच वाचायचा, माणसांना विचारणं शेवटी.

होम मैदान म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत जिथं होमविधी होतो ते. जानेवारीत तिथंच गड्डा भरतो. गड्ड्यात पाळण्यांचा कोपरा, भांड्यांची रांग, असं नजरेनं ओळखता येतं. कृषी प्रदर्शनात तसं चालत नाही. एकसारखे पांढरे हँगर, म्हणजे कमानींवरचे मोठे तंबू, आत एकसारखे पांढरे स्टॉल, आणि प्रत्येक कर्ण्यातून वेगवेगळा आवाज.

प्रवेशद्वाराजवळ नकाशाचा मोठा फ्लेक्स होता. मी त्याचा फोटो काढला. तीन हँगर: एच-१ मध्ये बियाणं आणि खतं, एच-२ मध्ये प्रक्रिया उद्योग आणि छोटी यंत्रं, एच-३ मध्ये बचत गट आणि खाद्यपदार्थ. बाहेर मोकळ्या जागेत ट्रॅक्टर. आता या नकाशात बघायची पहिली गोष्ट स्टॉल नव्हे, तर मुख्य दार कागदाच्या कुठल्या बाजूला छापलंय ती. असल्या नकाशात उत्तर दिशा वर असेलच असं नाही. बहुतेक वेळा मुख्य दार खाली ठेवतात, म्हणजे दारातून येणाऱ्याला समोरचं समोर दिसतं. आम्ही गाडी लावली ती बाजूच्या दाराकडे, त्यामुळे फोटोतलं डावं आमच्या समोर येत होतं. फोन आडवा धरला, नकाशातलं बाजूचं दार आपल्या पोटाकडे आणलं आणि मग एच-२ कुठं ते दिसलं. मधला हँगर.

कोडाच्या पुढचा हा ‘एच-२’ बरेच जण गाळून टाकतात. मामींच्या गटातल्या एक बाई आदल्या दिवशी येऊन गेल्या होत्या. त्यांना कुणीतरी नुसतं ‘डी एक्केचाळीस’ सांगितलं होतं. त्या एच-१ मधल्या डी-४१ वर पोचल्या आणि तिथं त्यांना मक्याच्या बियाण्याचं माहितीपत्रक मिळालं. कारण नंबर प्रत्येक हँगरमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात. काही ठिकाणी सगळ्या मैदानाचे नंबर सलग असतात, तिथं हँगर विसरला तरी भागतं. इथं तसं नव्हतं, आणि ते नकाशावरच कळत होतं: तिन्ही चौकोनांत ए-१ छापलेलं होतं.

फोनवरचं लोकेशन उघडून बघू का, असं मामींनी विचारलं. त्यांचा मुलगा सगळीकडे तसाच जातो. लोकेशन मैदानापर्यंत आणतं, पुढं नाही. उघड्या आभाळाखालीसुद्धा फोन चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो आणि स्टॉल असतो तीन मीटर रुंद. म्हणजे ठिपका तुमच्या स्टॉलवर आहे की शेजारच्या, की पाठीमागच्या रांगेत, हे त्यालाच ठाऊक नसतं.

एच-२ ला दोन दारं होती. बाजूने आल्यामुळे आम्हाला जवळ पडलं ते मागचं. रखवालदार म्हणाला, ‘‘इकडून बाहेर पडायचंय, पण जावा, गर्दी न्हाई.’’ आत पाऊल टाकल्यावर मी आधी दाराजवळच्या पाट्या वाचल्या. उजव्या-डाव्या कोपऱ्यात ए-१२ आणि बी-१३ दिसलं. पुढच्या दाराजवळ असतो तर ए-१ आणि बी-२४ दिसलं असतं. एवढ्यावरून दोन गोष्टी हातात आल्या. एक, आपण हँगरच्या शेपटाकडे उभे आहोत. दुसरी, रांगेत बारा-बारा स्टॉल आहेत आणि नंबर सापासारखे वळत जातात: ए रांग पुढच्या दाराकडून आत गेली, बाराला संपली, तिथंच वळून बी रांग तेरापासून परत दाराकडे आली. मग सी पंचवीसपासून पुन्हा आत, आणि डी सदतीसपासून पुन्हा बाहेर.

म्हणजे डी-३७ आमच्याच बाजूला, आणि डी-४१ तिथून पाचवा. पुढच्या दाराने आलो असतो तर आठवा पडला असता.

मामींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग चला की, पाच मोजायला किती वेळ लागतोय?’’

आधी रांग सापडायला हवी होती. अशा तीस मीटर रुंदीच्या हँगरमध्ये साधारण सहा रांगा बसतात. दोन भिंतींना लागून एकेक, आणि मधे दोन-दोन पाठीला पाठ लावून. ए आणि बी समोरासमोर, त्यांच्यामधली ती पहिली वाट. सी आणि डी समोरासमोर, ती दुसरी. ई आणि एफ तिसरी. पण बी आणि सी यांची पाठ एक, डी आणि ई यांचीही पाठ एक. मग अक्षरांच्या क्रमाने शोधणारा माणूस काय करतो? ई रांग दिसली की डी त्याच्या शेजारीच असणार म्हणून तिसऱ्या वाटेत शिरतो, तिथं त्याला ई आणि एफ एवढंच दिसतं, आणि डी रांग पातळ पत्र्यापलीकडे असते. पूर्ण रांग संपेपर्यंत मधून पलीकडे जाता येत नाही. डी हवी तर सी शोधायची, डीचा चेहरा सीकडे असतो.

आम्ही दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी आलो. डावीकडे डी-३७, उजवीकडे सी-३६. डी-३७ ठिबकच्या फिल्टरचा. त्याच्या पुढं एका मोठ्या कंपनीचा झगझगीत स्टॉल, पाटीवर डी-३८. त्याच्या पुढच्या स्टॉलवर नंबरच नाही, वरून भलाथोरला फ्लेक्स सोडलेला. त्याच्या पुढं डी-४२.

मामी थांबल्या. ‘‘सदतीस, अडतीस, आणि एकदम बेचाळीस? मधले गेले कुठं?’’

इथं बहुतेक लोक परत फिरतात किंवा स्टॉल रद्द झाला असं समजतात. पण नंबर हरवत नाहीत, गिळले जातात. मोठा प्रदर्शक तीन-चार स्टॉल शेजारी-शेजारी घेतो, मधले पडदे काढतो आणि पाटी मात्र पहिल्या नंबराचीच लावतो. नकाशा त्याच्या आधी छापलेला असतो, म्हणून नकाशात बारा चौकोन आणि प्रत्यक्षात सात-आठच पाट्या. त्यामुळे पाट्या मोजायच्या नसतात, जागा मोजायची.

जागा मोजायचं माप तिथंच उभं असतं. स्टॉल ज्या ॲल्युमिनियमच्या खांबांत आणि पांढऱ्या पत्र्यांत बांधतात, त्यातला एकेक पत्रा एक मीटर रुंद असतो. साधा स्टॉल तीन बाय तीनचा, म्हणजे पाठीमागच्या भिंतीला तीन पत्रे. डी-३८ च्या आत डोकावून मी मागची भिंत मोजली. पोस्टर लावलेली होती, पण खांबांच्या उभ्या रेघा दिसत होत्या. नऊ पत्रे. म्हणजे ३८, ३९, ४० हे तिन्ही त्याचेच. पुढचा बिननंबरचा तीन पत्र्यांचा. तोच ४१ असला पाहिजे.

मला आणखी एक खात्री हवी होती, कारण कधीकधी मोठा स्टॉलवाला शेजारची जागाही आत घेतो आणि मोजणी एका स्टॉलने सरकते. साप-वळणाच्या नंबरांत समोरासमोरच्या दोन स्टॉलची बेरीज सगळ्या वाटेत एकच येते. वाटेच्या तोंडाशी डी-३७ समोर सी-३६ होता, बेरीज ७३. मग डी-४१ समोर कोण असेल? ७३ वजा ४१, म्हणजे सी-३२. मामींना हिशेब लगेच पटला, कारण गटाचं वहीचं काम त्याच बघतात. त्या उजवीकडच्या पाट्या वाचत पुढं निघाल्या आणि डाळिंबाचे दाणे काढायच्या यंत्रापाशी थांबल्या. पाटीवर सी-३२. मागं वळून बघितलं तर समोर तोच फ्लेक्सवाला स्टॉल.

ही बेरीज सगळीकडे चालेल असं नाही. काही आयोजक प्रत्येक रांग दाराकडूनच सुरू करतात, तेव्हा समोरासमोरच्या नंबरांची बेरीज बदलत राहते, पण वजाबाकी कायम राहते. काही ठिकाणी एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम. कुठली पद्धत आहे ते वाटेत शिरताना दोन जोड्या वाचल्या की कळतं. एक जोडी पुरत नाही.

हँगरच्या छताकडे बघूनही अंदाज घेता येतो. आडव्या कमानी पाच-पाच मीटरवर असतात आणि त्या स्टॉलच्या भिंतींपेक्षा उंच असल्यामुळे गर्दीतही दिसतात. मागच्या दाराजवळची आडवी वाट साडेचार मीटर सोडली आणि चार स्टॉलचे बारा मीटर धरले, तर डी-४१ साडेसोळा मीटरवर सुरू होऊन साडेएकोणिसावर संपतो. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या कमानीच्या मधे. वर बघितलं, बरोबर तिथंच होतो. हे मी केवळ हौसेपोटी केलं, बेरजेनंतर त्याची गरज नव्हती.

जागा तर सापडली. पण फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात दुसऱ्याच एका एजन्सीचं नाव, आणि समोर दूध काढायची यंत्रं, कडबाकुट्टी, गाईच्या खाली घालायच्या रबरी मॅट. पिशवी सील करायचं काहीच नाही.

‘‘हे तर गोठ्याचं सामान हाय,’’ मामी म्हणाल्या. ‘‘त्यानं चुकीचा नंबर दिला बघ.’’

चुकीचा नंबर ही एक शक्यता होतीच. ऐनवेळी स्टॉल बदलून दिला, हीही होती. तिसरी शक्यता छोट्या कारखानदारांच्या बाबतीत फार वेळा खरी निघते: पूर्ण स्टॉलचं भाडं परवडत नाही, म्हणून ते एखाद्या विक्रेत्याच्या स्टॉलमध्ये एका टेबलाची जागा घेतात. मग नोंदणी विक्रेत्याची, पाटी विक्रेत्याची, छापील यादीत नावही विक्रेत्याचंच. कारखानदाराचं नाव अख्ख्या मैदानात कुठं लिहिलेलं नसतं. त्याच्याकडे सांगायला फक्त नंबर असतो, आणि म्हणून तो नंबरच पाठवतो.

या तिन्हींतलं खरं कुठलं ते एका प्रश्नात कळतं, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘सीलिंग मशीन इथंच का?’ असं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा आपल्या सामानाकडे बघून ‘नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. मी विचारलं, ‘‘तुमच्या स्टॉलचा नंबर काय?’’

त्याला माहीत नव्हता. नसतोच. पण प्रदर्शकाला गळ्यात घालायला जो पास देतात त्यावर बऱ्याचदा स्टॉल नंबर छापलेला असतो. मी त्याच्या गळ्याकडे बोट केलं. त्याने पास उलटा करून वाचला: ‘‘एच टू, डी फॉर्टीवन.’’

‘‘मग तुमच्या स्टॉलमध्ये अजून कुणाचा माल आहे का?’’

‘‘आहे की. मालकांच्या ओळखीचे आहेत, मागं टेबल टाकलंय त्यांनी.’’

रबरी मॅटच्या ढिगामागे टेबल होतं, त्यावर यंत्र, आणि खुर्चीवर फोनवरचा तो माणूस जेवत बसलेला. फ्लेक्स वरून खाली इतका आला होता की आतला भाग वाटेवरून दिसतच नव्हता. फ्लेक्सखाली पाटी होती. त्याने काठीने कड उचलून दाखवली, डी-४१ कोपऱ्यात लहान अक्षरात.

पास गळ्यात नसता तर विजेची पावती मागितली असती. बऱ्याच ठिकाणी स्टॉलच्या जोडणीचे पैसे वेगळे भरतात आणि त्या कागदावरही नंबर असतो. आणि स्टॉल खरंच बदललेला असता, तर मग चौकशी कक्ष. तिथंही ‘पॅकिंगचं मशीन कुठं आहे’ विचारून उपयोग नाही. ‘एच-२ डी-४१ कुणाच्या नावावर आहे आणि त्यांना आता कुठं हलवलंय’ असं विचारलं तर त्यांच्या यादीत सापडतं, कारण त्यांची यादी नंबरवार असते. नाववार यादी असते तीही नोंदणीच्या नावाने, आणि आपल्याला ते नाव ठाऊक नसतं.

या सगळ्याला एक मोठा अपवाद बाहेर मोकळ्या मैदानात असतो. ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, हार्वेस्टर यांना पत्र्याचे स्टॉल नसतात, चुन्याच्या रेघा असतात आणि कोपऱ्यात खुंटी ठोकून त्यावर नंबर. पहिल्याच दिवशी यंत्र त्या खुंटीवर उभं राहतं आणि माणसांच्या पायांनी चुना पुसला जातो. तिथं पत्रे नाहीत, कमानी नाहीत, जागाही एकसारख्या नाहीत, म्हणून मोजणी कशाची करणार? बाहेरच्या प्लॉटचा नंबर कुणी दिला तर त्याला सरळ विचारावं, ‘तुमच्या शेजारी काय उभं आहे, आणि जवळचा हँगर कुठला?’ फोन मात्र लवकर करावा. दुपारनंतर गर्दी वाढली की फोन लागत नाही, आणि लागला तरी कर्ण्यांमुळे डी आणि बी एकच ऐकू येतं. आमच्या यंत्रवाल्यानं कोड टाईप करून पाठवला यातच त्याचं शहाणपण होतं.

मामींनी पुढचा अर्धा तास त्या माणसाला सोडलं नाही. चटणीचं पाकीट फोडून नव्या पिशवीत भरलं, जाणूनबुजून पिशवीच्या तोंडाला तेलाचं बोट लावलं आणि म्हणाल्या, ‘‘आता करा सील.’’ यंत्राच्या पट्ट्यांतून पिशवी पलीकडे गेली. मामींनी दोन्ही हातांनी ओढून बघितली, आणि तेल लागलेल्या जागी शिवण उसवली. तो माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, तेलाच्या जागी प्लास्टिक प्लास्टिकला नीट चिकटत नाही. भरताना नरसाळं वापरा म्हणजे तोंड कोरडं राहील, आणि उष्णता थोडी वाढवून पट्टीचा वेग कमी ठेवा. मग पुसून कोरड्या केलेल्या तोंडाची पिशवी त्याने तशी करून दिली. ती उसवली नाही. किंमत मामींनी वहीत लिहून घेतली, घ्यायचं की नाही ते गटाच्या बैठकीत ठरणार.

बाकीच्या बायका दुसऱ्या दिवशी येणार होत्या. परत निघताना मामींनी वाटेतच थांबून त्यांना आवाजी निरोप पाठवला: ‘‘मधल्या तंबूत या, एच दोन. मागच्या दारानं आत शिरा, तिकडं गर्दी न्हाई. दुसरी वाट धरा. उजव्या अंगाला डाळिंब सोलायचं यंत्र दिसतंय, सी बत्तीस, तिथं थांबा अन् मागं वळा. गोठ्याचं सामान दिसंल, तरी आत जावा. मॅटच्या मागं टेबल हाय. आणि नरसाळं घेऊन या, मला भरून बघायचंय.’’